दोन टोकं आणि मधली वाट

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर शाळेत रसायनशास्त्र शिकवलं. म्हणून आज मी विषयही फळ्यावरचाच घेतला आहे. अकरावी-बारावीच्या पुस्तकात एक वक्ररेषा असते. डावीकडे थोडी सपाट, मग वर चढणारी, माथ्यावरून वळणारी आणि उजवीकडे खाली उतरून पुन्हा सपाट होणारी. डावं टोक म्हणजे अभिक्रियाकारक, उजवं टोक म्हणजे उत्पादितं. मधली चढण म्हणजे सक्रियण ऊर्जा. तिच्याखाली तुटक रेषेनं दुसरं, बुटकं टेकाड काढलेलं असतं आणि त्यावर लिहिलेलं असतं, ‘उत्प्रेरकासह’. विद्यार्थी आकृती पाठ करतात, तीन गुण मिळवतात आणि विषय संपतो.

या आकृतीत एक गोष्ट चुकीची शिकवली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे. तुटक रेषेमुळे मुलांना वाटतं की उत्प्रेरक तेच टेकाड खचवतो. तसं घडत नाही. जुनं टेकाड जिथल्या तिथे, तेवढ्याच उंचीचं उभं असतं. उत्प्रेरक दुसरी वाट उघडतो. त्या वाटेवर वेगळे उंचवटे असतात, वेगळे खळगे असतात, आणि त्या खळग्यांत पहिल्या वाटेवर कधीच न भेटणारे रेणू बसलेले असतात. उत्प्रेरकाबद्दल जे काही जाणून घेण्यासारखं आहे, ते त्या खळग्यांत आहे. आज एकच पदार्थ घेऊन हे दाखवायचा माझा प्रयत्न आहे.

तो पदार्थ तुमच्या घरात असेल. औषधाच्या दुकानात तपकिरी बाटलीत मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड. रेणूसूत्र H₂O₂, पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जास्तीचा. पॅरिसच्या लुई जाक थेनार यांनी 1818 मध्ये ते प्रथम तयार केलं, आणि तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं की चांदी, प्लॅटिनम, मँगनीजचं ऑक्साइड यांचा नुसता स्पर्श झाला तरी ते फसफसून फुटतं, धातू मात्र जसाच्या तसा राहतो. रक्तातल्या फायब्रिननंही तेच होतं, हेही त्यांनी पाहिलं. अशा निरीक्षणांना एकत्र बांधून बर्झेलियस यांनी 1835 मध्ये उत्प्रेरणाची कल्पना मांडली. म्हणजे या विषयाच्या जन्मापासून हाच पदार्थ टेबलावर आहे.

अभिक्रिया साधी आहे. पेरॉक्साइडच्या दोन रेणूंपासून पाण्याचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू. पेरॉक्साइडच्या एका मोलमागे, म्हणजे 34 ग्रॅममागे, सुमारे 98 किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. म्हणजे आपल्या आकृतीत उजवं टोक डाव्यापेक्षा 98 नं खाली आहे. उतार एवढा असूनही बाटली वर्षभर कपाटात राहते आणि तिच्यातलं पेरॉक्साइड, नीट साठवलं असेल तर, जेमतेम एखादा टक्का कमी होतं. उतार आहे, पण घरंगळणं नाही. कारण मध्ये चढ आहे.

हा चढ कशाचा? आडव्या अक्षावर वेळ असतो असा एक सार्वत्रिक गैरसमज आहे, तो आधी दूर करू. तिथे वेळ नाही. तिथे अणूंची मांडणी आहे: डावीकडून उजवीकडे जाताना ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध ताणला जातो, नवे बंध जुळत जातात. त्या बदलाच्या प्रत्येक टप्प्यावर रेणूंची स्थितिज ऊर्जा किती, ते उभ्या अक्षावर. अगदी माथ्यावरची मांडणी म्हणजे संक्रमण अवस्था. ती कुपीत भरता येत नाही, कारण एका कंपनाला लागतो तेवढाही वेळ ती टिकत नाही. उलट दोन माथ्यांमधल्या खळग्यात जे बसतं ते मध्यस्थ. त्याला स्वतःचं आयुष्य असतं, कधी रंग असतो, कधी वास असतो. माथा आणि खळगा यांतला हा फरक मनात पक्का ठेवा, पुढे त्यावरच सगळं उभं आहे.

आता उंचीचा हिशेब. स्वांते अऱ्हेनियस यांनी 1889 मध्ये दाखवलं की चढाची उंची आणि तापमान यांवरून अभिक्रियेची गती घातांकी रीतीनं ठरते. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या औष्णिक हालचालीचं माप मोलमागे सुमारे अडीच किलोज्यूल असतं. चढ या मापाच्या किती पट, ते महत्त्वाचं. पाठ्यपुस्तकं सांगतात की उत्प्रेरकाशिवाय पेरॉक्साइडचा चढ 75 किलोज्यूल आहे, आयोडाइड घातलं की 56. मग दोन्हींतल्या 19 च्या फरकावरून हिशेब करून लिहितात की आयोडाइडनं गती सुमारे दोन हजार पट वाढते. हा हिशेब मीही विद्यार्थी असताना केला आहे, आणि तुमच्यातल्या अनेकांनी केला असेल.

पण त्या 75 कडे जरा रोखून पाहा. 75 म्हणजे अडीचच्या तीस पट, म्हणजे साधारण 14 लाख कोटी प्रयत्नांत एक यश. ऑक्सिजन-ऑक्सिजन बंध सेकंदाला सुमारे 26 लाख कोटी वेळा कंप पावतो. प्रत्येक कंपन हा चढण्याचा एक प्रयत्न धरला, तर प्रत्येक रेणू सेकंदाच्या आतच फुटायला हवा. बाटली दुकानातून घरी येईपर्यंत रिकामी! ती तर वर्षभर टिकते. तेव्हा 75 ही एकट्या रेणूनं चढायची उंची असूच शकत नाही.

एकट्या रेणूचा बंध सरळ तोडायला सुमारे 210 किलोज्यूल लागतात. तोच हिशेब या आकड्यानं केला तर येणारा काळ विश्वाच्या वयाच्या लाखो पट निघतो. म्हणजे खरोखर शुद्ध, कशालाही न शिवलेलं पेरॉक्साइड खोलीच्या तापमानाला जवळजवळ कायमचं टिकेल. मग बाटलीतलं जे संथपणे फुटतं ते का? काचेच्या भिंतीमुळे, धुळीच्या कणामुळे, पाण्यातल्या लोहाच्या आणि तांब्याच्या लेशमात्र अंशामुळे. त्या मोजक्याच जागा असतात, म्हणून चढ 75 असूनही एकूण गती मंद राहते. पुस्तकात ‘उत्प्रेरकाशिवाय’ म्हणून छापलेला आकडा हा खरं तर नकळत आलेल्या उत्प्रेरकांचा आकडा आहे. त्यामुळे 75 आणि 56 यांची वजाबाकी करून काढलेले ते दोन हजारही फार विश्वासाचे नाहीत. त्यात दोन्ही वाटांवर प्रयत्नांची संख्या सारखीच आहे असं गृहीत धरलेलं असतं, आणि ती सारखी नसते.

56 वर मात्र भरवसा ठेवता येतो, कारण तो कसा मिळतो ते डोळ्यांनी पाहता येतं. शंभर मिलिलिटर तीन टक्के पेरॉक्साइडमध्ये सुमारे 1.7 ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड विरघळवा. बुडबुडे सुरू होतात. रबरी नळीतून वायू पाण्यात उलट्या धरलेल्या मोजपात्रात घ्या आणि दर मिनिटाला आकडा टिपा. भांडं पाण्याच्या टबात ठेवून 25 अंश राखलं तर काही मिनिटांत अर्धं पेरॉक्साइड संपतं. 35 अंशांना हेच केलं तर गती दुपटीहून किंचित जास्त होते. दहा अंशांत दुपटीहून किंचित जास्त, याचाच अर्थ चढ 56 च्या आसपास. तो खरंच 75 असता तर गती अडीच पटीच्याही पुढे गेली असती. उंची मोजायला कुणी चढून जावं लागत नाही, तापमान बदलून गती किती बदलते हे पाहिलं की पुरतं.

आता आयोडाइड दुप्पट घ्या. गती दुप्पट होते. आयोडाइड तेवढंच ठेवून पेरॉक्साइडची तीव्रता दुप्पट करा. पुन्हा दुप्पट. या दोन निरीक्षणांतून वाटेचा नकाशा हाती येतो. वाट दोन पायऱ्यांची आहे. पहिल्या पायरीत पेरॉक्साइड आपला जास्तीचा ऑक्सिजन आयोडाइडच्या हाती देतं आणि स्वतः पाणी होतं. तयार होतो हायपोआयोडाइट, म्हणजे ऑक्सिजन वाहणारा आयोडाइड, IO⁻. दुसऱ्या पायरीत पेरॉक्साइडचा दुसरा रेणू येऊन त्याच्याकडचा तो ऑक्सिजन काढून घेतो. ऑक्सिजन वायू आणि पाणी बाहेर पडतं आणि आयोडाइड मोकळा होतो, पुढच्या फेरीला तयार.

म्हणून आयोडाइडच्या वाटेचा आलेख एका माथ्याचा नाही, दोन माथ्यांचा आहे, आणि मधल्या खळग्यात हायपोआयोडाइट बसलेला आहे. दोन माथ्यांपैकी पहिला उंच. हे कशावरून? दुसरी पायरी संथ असती आणि पहिली झटपट होऊन मागेपुढे होत राहिली असती, तर पेरॉक्साइड दुप्पट केल्यावर गती चौपट झाली असती, कारण माथ्यापर्यंत पोहोचायला त्याचे दोन रेणू लागले असते. ती दुप्पटच होते. मोजपात्रातल्या बुडबुड्यांवरून आपण रेणूंच्या वाटेवरचा उंच माथा कुठे आहे ते सांगू शकतो, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

मध्यस्थ खरोखर तिथे आहे का, की आपण हिशेब जुळवायला कल्पिला? भांड्याकडे पाहा. पेरॉक्साइड रंगहीन, आयोडाइडचं द्रावण रंगहीन, पाणी आणि ऑक्सिजनही रंगहीन. तरी अभिक्रिया चालू असताना द्रावणाला पिवळसर-तपकिरी छटा येते. हायपोआयोडाइटच्या हातून थोडं आयोडीन तयार झाल्याची ती खूण.

आता याच भांड्यात आम्ल घाला. खेळ पालटतो. पहिली पायरी तीच, गतीही जवळपास तीच. पण खळग्यात बसलेल्या मध्यस्थाला आता पेरॉक्साइडच्या दुसऱ्या रेणूआधी शेजारचा आयोडाइड आणि आम्लातला हायड्रोजन गाठतात. पाणी आणि आयोडीन तयार होतं. द्रावण गडद होतं, बुडबुडे मंदावतात आणि आयोडाइड संपत जातो. जो उत्प्रेरक होता तो आता अभिक्रियाकारक झाला. ऑक्सफर्डच्या हार्कोर्ट आणि एसन यांनी 1860 च्या दशकात या आम्लातल्या अभिक्रियेचीच गती काटेकोरपणे मोजली होती, आणि घड्याळ-अभिक्रिया म्हणून ती आजही प्रयोगशाळेत होते. उत्प्रेरक म्हणजे अलिप्त राहून काम करवून घेणारा, असं आपण लिहितो. तो अलिप्त मुळीच नसतो. तो अभिक्रियेत पुरता उतरतो, आणि फेरीच्या शेवटी पूर्वरूपात परत येतो की नाही, हे खळग्यातून बाहेर पडायची कुठली वाट सोपी आहे त्यावर ठरतं.

एवढं सगळं बदलत असताना दोन टोकं मात्र हलत नाहीत. तीन टक्क्यांच्या शंभर मिलिलिटर द्रावणात सुमारे तीन ग्रॅम पेरॉक्साइड असतं. ते पूर्ण फुटलं की साडेआठ किलोज्यूलच्या आसपास उष्णता आणि सुमारे एक लिटर ऑक्सिजन मिळतो. भांडं थर्मासमध्ये ठेवलं तर पाणी वीसेक अंशांनी तापतं. हे आयोडाइड घालून करा, मँगनीज डायऑक्साइडची चिमूट टाकून करा, की बटाट्याची फोड टाकून करा. कुठे पाच मिनिटं लागतील, कुठे तास, पण तापमापी चढून जवळपास त्याच आकड्यावर थांबते. (तीस टक्क्यांच्या द्रावणावर हा प्रयोग कुणी करू नये. हिशेबानं तिथे दोनशे अंश येतात, म्हणजे भांडं उकळून अंगावर येतं.) पुण्याहून महाडला वरंध घाटानं उतरा किंवा ताम्हिणीनं, दोन गावांच्या उंचीतला फरक घाटावर ठरत नाही, तसंच हे.

आणि तो फरक उत्प्रेरकाला बदलता येत असता तर काय झालं असतं, याचाही विचार करून पाहा. एका वाटेनं उतरताना 98 किलोज्यूल मिळाले आणि दुसऱ्या वाटेनं परत चढायला 90 च लागले, तर प्रत्येक फेरीला 8 किलोज्यूल फुकट मिळाले असते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम तिथेच मोडला असता. म्हणून उत्प्रेरक दोन्ही बाजूंचा चढ सारख्याच मापानं कमी करतो. डावीकडून चढ 56 असेल तर उजवीकडून तो 56 अधिक 98, म्हणजे 154. पुढची गती जितक्या पट वाढते तितक्याच पट मागची वाढते. पाणी आणि ऑक्सिजन एकत्र ठेवून, केवळ चांगला उत्प्रेरक शोधून पेरॉक्साइड बनवता येणार नाही. त्यासाठी ऊर्जा बाहेरूनच घालावी लागते.

मग टोकं पक्की आहेत तर मधल्या वाटेची एवढी चर्चा कशाला? याचं उत्तर मला प्रयोगशाळेपेक्षा कापडाच्या प्रक्रियेत जास्त स्वच्छ दिसतं. इचलकरंजीसारख्या गावातल्या प्रोसेस हाऊसमध्ये सुती कापड पेरॉक्साइडनं पांढरं करतात. अल्कलीयुक्त पाणी, तापमान नव्वद अंशांच्या वर, आणि सोबत सोडियम सिलिकेट. हे सिलिकेट कशाला, तर पेरॉक्साइड घाईनं फुटू नये म्हणून. त्यासोबत लोह-तांब्याला बांधून ठेवणारी रसायनंही घालतात. एवढी काळजी घेऊनही कधी कधी धुतलेल्या ताग्यात टाचणीच्या डोक्याएवढी छिद्रं निघतात. बाकी कापड शाबूत, पांढरंशुभ्र, आणि मध्येच भोक.

त्या जागी गंजाचा कण असतो. मागावरून आलेला, नाहीतर पाइपातून सुटलेला. लोहही पेरॉक्साइडचा उत्प्रेरक आहे. पण त्याची वाट आयोडाइडसारखी नाही. लोह पेरॉक्साइडला एकच इलेक्ट्रॉन देतं आणि बंध मधोमध तुटतो. एक बाजू हायड्रॉक्साइड होते, दुसरी हायड्रॉक्सिल मूलक. हेन्री फेंटन यांनी 1894 मध्ये लोहक्षार आणि पेरॉक्साइड यांची ही जोडी टार्टारिक आम्लावर चालवून दाखवली होती, आणि त्यामागे मूलकं आहेत हे फ्रिट्झ हाबर आणि जोसेफ वाइस यांनी 1934 मध्ये मांडलं. हे मूलक आपल्या आलेखावरच्या एका उंच, उथळ खळग्यात असतं. आजूबाजूला नुसतं पेरॉक्साइड असेल तर ते पुढच्या पायऱ्या उतरून शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच देतं. पण इथे शेजारी सेल्युलोज आहे. मूलक त्याच्या साखळीतून हायड्रोजन ओढून घेतं आणि साखळी तुटते. पेरॉक्साइड फुटण्याच्या अभिक्रियेची उत्पादितं लोहानं बदलली नाहीत. त्यानं वाटेत असा मध्यस्थ आणला की त्याला भलताच जोडीदार सापडला.

म्हणून जाणता मास्टर ब्लीचिंगच्या आधीच संशयित डागावर आम्लाचा थेंब टाकून त्यावर पोटॅशियम फेरोसायनाइडचा थेंब सोडतो. निळं उमटलं की लोह आहे. मग आधी ऑक्झॅलिक आम्लानं ते काढायचं आणि नंतरच पेरॉक्साइडकडे जायचं. भोक पडल्यावर चौकशी करून उपयोग नसतो, कारण तिथला कणही बहुतेक धुऊन गेलेला असतो.

त्याच कारखान्यात, त्याच कापडावर, तासाभरानं नेमकी उलटी गरज पडते. कापडात उरलेलं पेरॉक्साइड आता काढायचं असतं, कारण ते राहिलं तर रिॲक्टिव्ह रंग बिघडवतं, छटा फिकी आणि डागाळ येते. इथे पेरॉक्साइड किलर वापरतात. त्यात कॅटालेज हे विकर असतं, आपल्या रक्तात, यकृतात आणि त्या बटाट्याच्या फोडीतही असतं ते. आणि गंमत अशी की त्याच्या गाभ्यातही लोहच आहे! प्रत्येक रेणूत हीमचे चार गट, प्रत्येकाच्या मध्यभागी लोहाचा एक अणू.

लोह तेच, तर कापडाला भोकं का पडत नाहीत? कारण वाट वेगळी. कॅटालेजच्या गाभ्याकडे जायला एक अरुंद बोळ आहे, त्यातून पेरॉक्साइडसारखा लहान रेणूच आत शिरतो. आत गेल्यावर बंध तुटतो तो मूलक सुटं पडू न देता. एक पाण्याचा रेणू बाहेर जातो आणि उरलेला ऑक्सिजन थेट लोहाला चिकटून राहतो. हा मध्यस्थ हिरवट असतो. ब्रिटन चान्स यांनी 1940 च्या दशकात त्याचा वर्णपट टिपला, आणि आज त्याला कंपाउंड वन म्हणतात. मग पेरॉक्साइडचा दुसरा रेणू येतो, तो ऑक्सिजन घेऊन जातो आणि लोह पूर्ववत होतं.

ही चाल ओळखीची वाटली असेल. एकानं ऑक्सिजन द्यायचा, दुसऱ्यानं न्यायचा, हीच आयोडाइडची चाल. फरक एवढाच की आयोडाइडचा मध्यस्थ उघड्यावर असतो, आम्ल मिळालं की भरकटतो, आणि कॅटालेजचा प्रथिनाच्या पोटात जपलेला असतो. चढही कितीतरी ठेंगणा. वेगवेगळ्या मोजण्यांत 8 ते 23 किलोज्यूल असे आकडे आले आहेत, आणि विकराचा एक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू निकालात काढतो.

पण या वाटेला तिचं असं तापमान आहे आणि तिची अशी आम्लता आहे. ब्लीचिंगचं पाणी उकळत्याच्या जवळचं आणि तीव्र अल्कलीयुक्त असतं. त्यात किलर ओतला तर प्रथिनाची घडी मोडते, बोळ उरत नाही, आणि पेरॉक्साइड तसंच राहतं. म्हणून आधी आम्ल घालून पाणी उदासीन करायचं, पन्नास अंशांच्या खाली आणायचं, मग किलर घालायचा, आणि पंधरा-वीस मिनिटांनी कागदी पट्टी बुडवून पाहायची. पट्टी निळी झाली नाही तरच रंगाचं पाणी सोडायचं.